एका अंकाने चुकलेली दाद

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दाखल व्हायचा दावा बहुधा आदल्या संध्याकाळी तयार होतो. मसुदा आठवडाभर फिरलेला असतो. पक्षकाराने एक कागद उशिरा आणून दिलेला असतो, वकिलांनी समासात दोन ओळी वाढवलेल्या असतात आणि टंकलेखकाने त्या संगणकात चढवलेल्या असतात. मग घाईघाईने मुद्रिते वाचली जातात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले जाते, प्रतिवादीचे वय तपासले जाते. मात्र 'वर कलम ६ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' या वाक्यातील सहा हा आकडा अजूनही सहाच आहे काय, हे पाहायचे राहून जाते.

ही चूक शुद्धलेखनाच्या चुकीसारखी डोळ्यांत खुपत नाही, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. कलम सहा दाव्यात असतेही, पण त्यात आता दुसराच मजकूर असतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६ नियम २ नुसार दाव्यातील कथने आवश्यक तेथे परिच्छेदांत विभागावी लागतात आणि त्या परिच्छेदांना ओळीने क्रमांक द्यावे लागतात. तारखा, रकमा व संख्या अंकी तसेच अक्षरी लिहाव्यात, असेही हाच नियम सांगतो. नियम १५ प्रमाणे दाव्याखालील सत्यापनात कोणत्या क्रमांकाचा मजकूर वादीच्या स्वतःच्या माहितीचा आहे आणि कोणता इतरांकडून मिळालेल्या व खऱ्या मानलेल्या माहितीवर आधारलेला आहे, हे स्पष्ट करावे लागते. आदेश ७ नियम ७ प्रमाणे वादीला हवी असलेली दाद नेमकी मांडावी लागते. दाव्याच्या शेवटी येणारे 'सबब विनंती की' हे कलम म्हणजेच ती दाद होय. क्रमांक, सत्यापन आणि विनंती ही तिन्ही अशा रीतीने परस्परांत गुंतलेली असतात आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे फक्त अंक.

हा धागा कसा तुटतो, ते पाहण्यासाठी वाटपाच्या एका कल्पित दाव्याचे उदाहरण घेता येईल. वडील वारले आहेत, आई त्यांच्या आधीच गेलेली आहे. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित आहे आणि मागे एक मुलगी व दोन मुलगे आहेत. मुलगी वादी असून तिचा हिस्सा एक तृतीयांश आहे. भाऊ हे प्रतिवादी क्रमांक १ व २ आहेत, तर थोरल्या भावाकडून शेतजमीन खरेदी घेणारा इसम प्रतिवादी क्रमांक ३ आहे.

पहिल्या मसुद्यात बारा कलमे होती. कलम १ मध्ये पक्षकारांचे नाते आणि कलम २ मध्ये दावा मिळकतीचे वर्णन होते. त्यातील (अ) म्हणजे शेतजमीन आणि (ब) म्हणजे गावातील राहते घर. कलम ३ मध्ये वडिलांचे निधन व वारस, कलम ४ मध्ये वादीचा हिस्सा, कलम ५ मध्ये वाटपाची मागणी व वकिलामार्फत दिलेली नोटीस, कलम ६ मध्ये थोरल्या भावाने करून दिलेले खरेदीखत, तर कलम ७ मध्ये घरही विकून टाकण्याच्या त्याच्या हालचाली. कलम ८ ते ११ मध्ये अनुक्रमे दाव्याचे कारण, न्यायालयाचे अधिकारक्षेत्र, मुदत आणि मूल्यांकन. कलम १२ म्हणजे विनंती, आणि ती अशी होती:

(अ) कलम २ मधील मिळकतींत वादीचा कलम ४ प्रमाणे हिस्सा ठरवून सरस-निरस मानाने वाटप व्हावे व स्वतंत्र ताबा मिळावा.
(ब) शेतजमिनीच्या वाटपासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.
(क) कलम ६ मधील खरेदीखत वादीच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही, असे ठरवून मिळावे.
(ड) कलम २(ब) मधील मिळकत प्रतिवादींनी त्रयस्थास तबदील करू नये, अशी निरंतर ताकीद व्हावी.

याखाली खर्चाची आणि इतर न्याय्य दादीची नेहमीची कलमे.

दाखल करण्याच्या आदल्या दिवशी वादी दोन कागद घेऊन आली. वडिलांच्या नावावर तालुक्याच्या गावी एक मोकळा भूखंड असल्याचे एका कागदावरून दिसले. दुसरा कागद फेरफाराचा होता. भावांनी तिचे नाव वगळून वारसनोंद करून घेतली होती. दोन्ही गोष्टी दाव्यात येणे आवश्यकच होते. जमिनी एकापाठोपाठ एक दिसाव्यात म्हणून भूखंड कलम २ मध्ये शेतजमिनीनंतर (ब) म्हणून घातला गेला आणि घर (क) वर सरकले. फेरफाराचे नवे कलम ३ नंतर आले व ४ झाले. पुढील प्रत्येक कलम एकाने सरकले. संगणकाने कलमांचे क्रमांक आपोआप बदलले, मात्र मजकुराच्या आत हाताने टंकलेले आकडे जिथल्या तिथे राहिले.

आता जुनीच विनंती नव्या दाव्याखाली वाचली, तर काय दिसते? विनंती (क) मध्ये 'कलम ६ मधील खरेदीखत' आहे. कलम ६ मध्ये आता नोटीस आहे, तिथे खरेदीखताचा उल्लेखच नाही. ही चूक जरा लक्ष देऊन वाचणाऱ्याला सापडते. विनंती (अ) वादीचा हिस्सा 'कलम ४ प्रमाणे' मागते, पण कलम ४ म्हणजे आता तिचे नाव वगळणारा फेरफार. जी नोंद तिने अमान्य केली, तिच्याच आधारे हिस्सा मागितल्यासारखे होते. दुसऱ्या बाजूचे वकील यावरून चिमटा काढतील, पण एक तृतीयांश हा आकडा दाव्यात अन्यत्र असल्याने मोठे नुकसान बहुधा होणार नाही.

खरी घातक चूक विनंती (ड) मध्ये आहे. 'कलम २(ब) मधील मिळकत तबदील करू नये' हे वाक्य वाचताना कुठेच अडखळायला होत नाही. कलम २ आहे, त्यात (ब) आहे, तीही वादीने हिस्सा सांगितलेली मिळकतच आहे आणि तिच्या विक्रीला मनाई मागणे अगदी स्वाभाविक वाटते. परंतु २(ब) म्हणजे आता मोकळा भूखंड. ज्या घराच्या विक्रीच्या हालचाली चालू आहेत, त्याबद्दल दाव्यात ताकीदच मागितलेली नाही.

पुढे ही चूक कागदागणिक वाढत जाते. तूर्तातूर्त ताकिदीचा अर्ज, जो न्यायालयाच्या आवारात 'निशाणी ५' याच नावाने ओळखला जातो, तो दाव्यासोबतच टंकला जातो आणि त्यातील विनंती दाव्यावरूनच उतरवली जाते. अर्ज मंजूर करताना आदेशात 'विनंती कलमाप्रमाणे' असे शब्द आले की तीच चूक आदेशात उतरते. मनाईचा आदेश हातात आल्याच्या समाधानात वादी घरी जाते आणि भाऊ आदेशाचा भंग न करता घराचा व्यवहार करू शकतो. दावा चालू असताना झालेल्या हस्तांतरणाला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चा अडसर असतो हे खरे, परंतु तोवर घरात तिसऱ्याच माणसाने बिऱ्हाड मांडलेले असेल, तर वादीच्या वाट्याला आणखी एक भांडण येते. हुकूमनाम्यातही हेच शब्द आले, तर अंमलबजावणीच्या दरखास्तीत न्यायालय हुकूमनाम्यापलीकडे जाऊ शकत नाही.

सत्यापनातील घसरण अधिक छुपी असते. जुन्या मसुद्यात 'कलम १ ते ७ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व कलम ८ ते ११ मधील मजकूर मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यावरून खरा आहे' असे होते. नव्या क्रमात घर विकण्याच्या हालचालींचे कलम ८ झाले. म्हणजे वादीने स्वतः पाहिलेली, ऐकलेली गोष्ट तिने वकिलांच्या सल्ल्यावरून सांगितली, असा अर्थ निघू लागला. उलटतपासात या एका ओळीवर प्रश्नांची सरबत्ती होऊ शकते. तिथे आता '१ ते ८' आणि '९ ते १२' हवे. 'पासून-पर्यंत' असे पल्ले तपासताना दोन्ही टोके स्वतंत्रपणे पाहावी लागतात, कारण कधी एकच टोक सरकते.

मूल्यांकनाचे कलम तर चुकीचे न होताही अपुरे पडते. त्यात 'कलम २(अ) व (ब) मधील मिळकतींचे मूल्यांकन' असे लिहिले होते. भूखंड आला, मिळकती तीन झाल्या, पण वाक्यात दोनच राहिल्या. येथे घराची किंमत वगळली गेल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात आकडेमोडीत भूखंड नसतो. न्यायालयाच्या कार्यालयाने हरकत काढली तर मूल्यांकन दुरुस्त करून कमी पडलेली कोर्ट फी भरावी लागते आणि न्यायालयाने दिलेल्या मुदतीत ते झाले नाही, तर आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र फेटाळले जाण्याचा धोका असतो.

ही सगळी दुरुस्ती संगणकातील 'शोधा व बदला' या सोयीने एका फटक्यात करावी, असा मोह टंकलेखकाला होणे साहजिक आहे. येथेच दुसरा खड्डा आहे. 'कलम ४' च्या जागी 'कलम ५', मग 'कलम ५' च्या जागी 'कलम ६' असे चढत्या क्रमाने गेले, तर नुकताच बदललेला आकडा पुढच्या पायरीवर पुन्हा बदलतो आणि अखेरीस सगळे उल्लेख शेवटच्या कलमाकडे बोट दाखवू लागतात. बदल करायचाच असेल तर उतरत्या क्रमाने, म्हणजे आधी बाराचा तेरा, मग अकराचा बारा, असा करावा लागतो. तसे करूनही विनंती (ब) वाचत नाही. 'कलम ५' शोधताना संगणकाला 'कलम ५४' ची पहिली अक्षरेही तशीच दिसतात आणि तेथे 'कलम ६४' होऊन बसते. शासनाला महसूल देणाऱ्या जमिनीचे वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावे, असे सांगणारे कलम ५४ आहे. कलम ६४ हे जप्तीनंतर केलेल्या खासगी हस्तांतरणाविषयी आहे. वाटपाच्या दाव्यात ते कुठून आले, असा प्रश्न न्यायाधीशांना पडला तर नवल नाही.

या गोंधळाच्या मुळाशी मराठी मसुद्यांची एक जुनी सवय आहे. कायद्याचे कलमही 'कलम' आणि दाव्यातील परिच्छेदही 'कलम'. इंग्रजी मसुद्यात या दोहोंसाठी वेगळे शब्द असल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मराठीत दाव्यातील क्रमांकांसाठी 'परिच्छेद' आणि कायद्यासाठी 'कलम' असा भेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळला, तर निम्मे काम सोपे होते. जुन्या वळणाच्या वकिलांच्या कानाला 'वादपत्र परिच्छेद सात' हे थोडे परके वाटेल, पण त्याने अर्थाला बाध येत नाही. 'कलम'च ठेवायचे असेल, तर कायद्याच्या प्रत्येक उल्लेखाआधी त्या अधिनियमाचे नाव हवेच.

अक्षरांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. मराठी मसुद्यांतील उपकलमे बहुधा अ, ब, क, ड, इ, फ या क्रमाने जातात. संगणकातील देवनागरी यादीचा क्रम मात्र क, ख, ग असा किंवा अ, आ, इ असा असतो. एका क्रमात (क) तिसरा, तर दुसऱ्यात पहिला. एका क्रमात (इ) पाचवा, तर दुसऱ्यात तिसरा. विनंतीची यादी आपोआप क्रमांकांवर टाकली आणि क्रम बदलला, तर अर्जातील 'दाव्यातील विनंती (क)' ही खरेदीखताची दाद राहत नाही, ती वाटपाची होते. उपकलमांची अक्षरे म्हणूनच हातानेच टंकलेली बरी.

शोधताना आणखी एक अडचण येते, ती अंकांच्या लिपीची. मसुद्याच्या एका भागात ७ आणि दुसऱ्या भागात 7 असेल, तर एकाचा शोध घेताना दुसरा सापडत नाही. शिवाय मराठी वाक्यात हा उल्लेख 'कलम ७', 'कलम ७मध्ये', 'कलम क्र. ७', 'सातव्या कलमात' अशा अनेक वेशांत येतो आणि 'मागील कलमात' किंवा 'वर नमूद केलेली मिळकत' यांत तर आकडाच नसतो. नवे कलम मध्ये आले की 'मागील' कोणते, हेही बदलते. कागदावर वाचताना १ आणि ९, तसेच ५ आणि ६ यांची गल्लत होते, ती निराळीच. फिकट छायाप्रतीवर तर ती हमखास होते.

वर्डसारख्या प्रणालीत परस्परसंदर्भाची सोय आहे. तीत आकडा टंकण्याऐवजी त्या कलमाकडे जाणारा दुवा घातला जातो आणि क्रमांक बदलला की उल्लेखही बदलतो. परंतु तो आपणहून लगेच बदलत नाही. संपूर्ण मजकूर निवडून `F9` ही कळ दाबावी लागते. दुवा ज्या कलमाकडे होता ते कलमच पुसले गेले असेल, तर त्या जागी `Error! Reference source not found.` अशी इंग्रजी ओळ उमटते. दाव्याच्या छापील प्रतीत ही ओळ जाऊ नये, म्हणून छपाईआधी 'Error' हा शब्द एकदा शोधून घ्यावा. दुवा बरोबर असला तरी '१ ते ७' सारखा पल्ला आता '१ ते ८' असायला हवा, हे मात्र कोणतीही प्रणाली सांगत नाही. तो निर्णय मजकूर समजणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.

तपासणीची भरवशाची रीत जुनीच आहे, तिला दोन माणसे आणि एक कोरा कागद लागतो. एकाने दाव्याची छापील प्रत शेवटाकडून, म्हणजे विनंतीपासून वाचायला घ्यावी. उल्लेख आला की थांबावे. दुसऱ्याने त्या क्रमांकाचे कलम उघडून त्यात काय आहे, ते दोन-तीन शब्दांत मोठ्याने सांगावे. 'विनंती ड, कलम २(ब)' असे वाचल्यावर 'मोकळा भूखंड' हे उत्तर आले, की चूक तिथल्या तिथे उघडी पडते. येथे दुसऱ्याने 'आहे' एवढेच म्हणून चालत नाही. कलम आहेच, प्रश्न त्यात काय आहे हा आहे. कागदावर तीन रकाने पुरतात: उल्लेख कुठे आहे, कशाकडे आहे, तिथे काय सापडले. बारा-तेरा कलमांच्या दाव्यात असे वीस-पंचवीस उल्लेख निघाले, तरी अर्ध्या तासात काम होते.

मग उलट फेरी मारावी. पहिल्या कलमापासून खाली येत प्रत्येक तक्रारीपुढे तिला अनुरूप दाद विनंतीत आहे काय, हे पाहावे. वरील दाव्यात ही फेरी मारली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. फेरफाराचे नवे कलम ४ दाव्यात आले, पण त्याबद्दल विनंतीत काहीच मागितलेले नाही. ते मागायचे की केवळ वस्तुस्थिती म्हणून सांगायचे, हे वकिलांनी ठरवायचे असते. मुद्रितशोधकाचे काम तेवढी खूण करून ठेवण्याचे.

दावा, निशाणी ५ चा अर्ज, त्याच्या पुष्ट्यर्थचे प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची यादी ही चारही एका बैठकीत तपासावीत. यादीत फेरफाराचा उतारा मध्येच घातला, तर खरेदीखताचा अनुक्रमांक सरकतो आणि दाव्यातील 'यादीसोबत अ. क्र. ३' हा उल्लेख भलत्याच कागदाकडे जातो.

याहून अधिक खात्रीचा उपाय मसुदा लिहितानाच करता येतो. केवळ क्रमांकावर विसंबू नये, त्यासोबत मजकुराची ओळखही लिहावी. 'कलम २(ब) मधील मिळकत' याऐवजी 'कलम २(क) मध्ये वर्णिलेले, गावठाणातील राहते घर' असे लिहिले, तर पुढे आकडा चुकला तरी विसंगती दिसून येते आणि वादीला कशाबद्दल दाद हवी होती, याविषयी शंका उरत नाही. स्थावर मिळकतीच्या बाबतीत तर आदेश ७ नियम ३ नुसार ती ओळखण्यास पुरेसे वर्णन दाव्यात असावे लागतेच. ताकिदीच्या विनंतीत घर क्रमांक आणि चतुःसीमा पुन्हा लिहिल्याने दावा चार ओळींनी वाढतो, एवढेच.

दाखल होईपर्यंत कलमांचे क्रमांक कितीही वेळा बदलावेत, मात्र दाखल झाल्यावर ते बदलू नयेत. प्रतिवादीची कैफियत 'वादपत्रातील कलम ७ मधील मजकूर नाकबूल' अशा रीतीने क्रमांकवार उत्तर देते. नंतर मध्येच नवे कलम घालून सगळे सरकवले, तर कैफियतीतील प्रत्येक नकार दुसऱ्याच विधानाला जाऊन चिकटेल. म्हणून दुरुस्तीने येणारा मजकूर '७-अ' किंवा 'विनंती ड-१' असा घालण्याची पद्धत आहे. चूक दाखल झाल्यानंतर लक्षात आली, तर आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. २००२ पासून अमलात असलेल्या परंतुकाप्रमाणे सुनावणी सुरू झाल्यानंतर अशी परवानगी मिळण्यासाठी, योग्य ती दक्षता घेऊनही बाब आधी मांडता आली नसती, असे न्यायालयाला पटवावे लागते. स्वतःच्याच दाव्यातील आकडा वेळेत वाचला नाही, याला दक्षता म्हणणे कठीण. परवानगी मिळाल्यावर आदेशात मुदत दिलेली नसेल, तर नियम १८ प्रमाणे चौदा दिवसांत प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागते आणि निशाणी ५ च्या अर्जातील तोच आकडा दुरुस्त करण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते.